अपडेट, दुरुस्ती की खुलासा?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या बातम्यांच्या पानावर ब्रेकिंगचे मथळे ठरलेल्या साच्यातून तयार होतात. आकडा किंवा ठिकाण बदलले की यंत्रणा पुढची नोंद आपोआप टाकते. त्या नोंदीच्या सुरुवातीला काय लिहावे? ‘अपडेट’, ‘दुरुस्ती’, ‘खुलासा’ की ‘सुधारित’?

यातले दोन शब्द आधी बाजूला काढा. ‘खुलासा’ नेहमी ज्याच्याविषयी बातमी आहे तो करतो. ‘प्रशासनाचा खुलासा’ म्हणजे प्रशासनाने आपली बाजू मांडली. आपला आकडा चुकला असताना त्यावर ‘खुलासा’ लिहिले, तर चूक दुसऱ्या कुणाची तरी होती असे वाचकाला वाटते. ‘सुधारित’ हा शब्द वेळापत्रकाला किंवा दरपत्रकाला शोभतो, कारण तिथे मूळ मजकूर चुकलेला नसतो, काढणाऱ्यानेच निर्णय बदललेला असतो. ‘शुद्धिपत्र’ पुस्तकात आणि राजपत्रात ठीक (समासात ‘द्धि’ ऱ्हस्वच), पण चालू बातमीसाठी तो जड पडतो.

उरले दोन, आणि त्यांची विभागणी अगदी स्वच्छ आहे. घटना पुढे सरकली असेल तर ‘अपडेट’. घटना होती तिथेच आहे आणि आपण चुकीचे सांगितले होते, तर ‘दुरुस्ती’. (दोन्ही उकार ऱ्हस्व. ‘दुरूस्ती’ साच्यात एकदा शिरले की रोज छापले जाते.) यंत्राला चूक कळत नाही, पण आकड्यांची बेरीज कळते आणि बऱ्याच वेळा तेवढ्यावर काम भागते.

समजा, सकाळी ९:४० ला मथळा गेला : ‘खंबाटकी घाटात ट्रक-टेम्पो अपघात, ३ ठार, ७ जखमी’. १०:२५ ला बातमीदाराने ४ आणि ६ असे आकडे भरले. एकूण बाधित आधीही १० होते, आताही १० आहेत. म्हणजे जखमींपैकी एक जण दगावला, घटना पुढे गेली. हे अपडेट. मात्र इथे जुनाच साचा वापरून ‘४ ठार, ६ जखमी’ असा नवा मथळा टाकू नका. दोन्ही मथळे पाहणारा वाचक तीन आणि चार मिळून सात धरतो, आणि तोच आकडा गावभर होतो. शिवाय ‘ठार’ हा शब्द जागीच गेलेल्या जिवासाठी चपखल आहे, रुग्णालयात गेलेल्या माणसासाठी ‘मृत्यू’ हवा. म्हणून अपडेटचा साचा वेगळाच ठेवावा : ‘अपडेट : खंबाटकी घाट अपघात, आणखी एका जखमीचा मृत्यू, मृतांची एकूण संख्या ४’. ‘आणखी’ आणि ‘एकूण’ हे दोन शब्द त्यातून कधीही गाळू नयेत. संख्या मात्र बदलत्या असतात. एका जखमीचा, दोघा जखमींचा, तिघांचा, चौघांचा आणि पुढे पाच जणांचा अशी रूपे पुरवावी लागतात, नाहीतर ‘आणखी २ जखमीचा मृत्यू’ असे काहीतरी बाहेर पडते.

दुपारी कळले की एका मृताची नोंद ग्रामीण रुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयात अशी दोनदा झाली होती. आकडे आता ३ आणि ६. मेलेला माणूस परत येत नाही, त्यामुळे मृतांचा आकडा खाली आला की ती नेहमीच दुरुस्ती असते. अवघड प्रसंग त्यापुढचा आहे. ही दुबार नोंद सापडली आणि त्याच वेळी आणखी एक जखमी दगावला, तर आकडे ४ आणि ५ होतात. मृतांचा आकडा हललाच नाही! फक्त तोच तपासणारा नियम इथे गप्प बसतो. बेरीज मात्र १० वरून ९ झालेली असते, म्हणून ती तपासणे भाग आहे. त्यासाठी एक पथ्य पाळावे लागते. घरी सोडलेल्या जखमींना ‘जखमी’ या आकड्यातून वजा करायचे नाही, तो आकडा अपघातात किती जण जखमी झाले याचा आहे.

बेरीज वाढली तर यंत्राने ठरवू नये. नवे जखमी नंतर सापडले की आपण आधी मोजायला चुकलो, हे बातमीदारच सांगू शकतो. अपवाद एकच : पहिल्या मथळ्यात ‘किमान ३ ठार’ असे असेल, तर वाढ त्या शब्दातच गृहीत होती आणि ‘अपडेट’ खरे ठरते. ‘प्राथमिक माहितीनुसार’ या शब्दांना ही ताकद नाही. ते माहिती कुठल्या टप्प्यावरची आहे हे सांगतात, आकडा वाढू शकतो असे सांगत नाहीत. आकडा किंवा ठिकाण बदलल्यावरच चालवायचा नियम इतकाच :

```python
def label(old, new):
    a = old["dead"] + old["hurt"]
    b = new["dead"] + new["hurt"]
    if new["place"] != old["place"]:
        return "दुरुस्ती"
    if new["dead"] < old["dead"] or b < a:
        return "दुरुस्ती"
    if b > a and not old["kiman"]:
        return None
    return "अपडेट"
```

`None` आले की नोंद अडवून ठेवायची आणि बातमीदाराला विचारायचे.

आता दुरुस्तीचे वाक्य. साच्यासाठी मराठीत ‘नव्हे’सारखा सोयीचा शब्द नाही. ‘नाही, नाहीत, नव्हता, नव्हती’ यांत वचन आणि लिंग सांभाळावे लागते. ‘हे नव्हे, ते’ या रचनेतला ‘नव्हे’ मात्र जागचा हलत नाही : ‘दुरुस्ती : खंबाटकी घाट अपघातातील मृत ४ नव्हे, ३’. चूक आधी, बरोबर नंतर, कारण शेवटचे ऐकलेले लक्षात राहते. त्याखाली एक वाक्य कारणाचे आणि कोणत्या वेळच्या नोंदीत चूक होती त्याचे. वेळ घड्याळाची लिहा. ‘थोड्या वेळापूर्वी’ संध्याकाळी वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

ठिकाणाची दुरुस्ती असेल तर ‘नव्हे’च्या दोन्ही बाजूंना एकच विभक्ती हवी : ‘वडगाव शेरीत नव्हे, पेठ वडगावात’. साच्यात नावापुढे सरसकट ‘मध्ये’ चिकटवून हे साधत नाही. ‘मध्ये’लाही सामान्यरूप लागते. ‘फलटणमध्ये’, ‘लोणंदमध्ये’ खपून जाते, ‘नागपूरमध्ये’ही रुळले आहे, पण ‘पुणेमध्ये’ आणि ‘सातारामध्ये’ कानाला खटकतात. पुण्यात, साताऱ्यात, वाईत, कोरेगावात, आणि कोल्हापूरचा ‘पू’ ऱ्हस्व होऊन कोल्हापुरात. ही रूपे यंत्राकडून घडवून घेण्यापेक्षा तालुक्यातल्या गावांची यादी एकदा बसून हाताने करावी : मूळ नाव, ‘-त’चे रूप, ‘-च्या’चे रूप. एकाच नावाची गावे असतील तर यादीत तालुकाही नावाचाच भाग धरावा. वडगावसारख्या नावांत ठिकाणाची चूक बहुतेक वेळा तिथूनच होते.

एका ठिकाणी मात्र ‘नव्हे’ वापरू नये. अटकेच्या बातमीत चुकीच्या माणसाचे नाव गेले असेल, तर ‘अमुक नव्हे, तमुक’ या मथळ्याने निर्दोष माणसाचे नाव पुन्हा एकदा अटकेशी जोडले जाते. तिथे साचा असा : ‘दुरुस्ती : अटक झालेल्या व्यक्तीचे नाव आम्ही चुकीचे दिले होते’. मूळ नोंदीतून नाव काढायचे, आणि ज्यांच्या फोनवर पहिली सूचना गेली त्या सगळ्यांना दुसरीही पाठवायची. हीच काळजी ‘ताब्यात’ आणि ‘अटक’ यांबाबत घ्यावी. चौकशीसाठी ताब्यात घेतलेल्याला ‘अटक’ लिहिले असेल आणि दोन तासांनी खरोखर अटक झाली, तरी ते अपडेट नव्हे. आधीचा शब्द त्या वेळी चूकच होता, म्हणून आधी दुरुस्ती टाकावी आणि अटकेची नोंद त्यानंतर वेगळी.