परदेशात अटक झाल्यावर दूतावासाला कळवायचे कोणी?

प्रश्न: माझ्या मामेभावाला परदेशात पोलिसांनी पकडले आहे. दूतावास आम्हाला काहीच सांगत नाही. कायद्याने कोणावर काही बंधन नाही का?

बंधन आहे, पण ते अटक करणाऱ्या देशावर आहे. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार तिथल्या पोलिसांनी परदेशी माणसाला दूतावासाला कळवून घेण्याचा त्याचा हक्क विनाविलंब सांगायचा असतो आणि त्याने मागणी केली, तर त्याच्या देशाच्या दूतावासाला कळवायचे असते.

माझा धाकटा भाऊ मालकाशी झालेल्या पैशांच्या वादातून आखातातील एका देशात कोठडीत गेला, तेव्हा त्याला हे कोणीही सांगितले नाही. उलट कंपनीच्या माणसाने, दूतावास मध्ये पडला तर प्रकरण चिघळेल, अशी भीती घालून त्याला न वाचता येणाऱ्या कागदावर त्याची सही घेतली. आमच्या काकांचे म्हणणे असे, की त्याने मागणी केलेली नाही आणि पासपोर्टही मालकाकडे आहे, तेव्हा आपण अर्ज करून उपयोग नाही. ते मला तेव्हाही पटले नाही. पोलिसांनी कळवण्यासाठी कैद्याची मागणी लागते, परंतु दूतावासाला अन्य मार्गाने कळले, तर कैद्याला भेटण्याचा अधिकाऱ्यांचा हक्क उरतोच. कैद्याने स्पष्ट विरोध केला, तरच त्यांना थांबावे लागते. म्हणून मी जुन्या पासपोर्टची प्रत आणि कोठडीचे ठिकाण देऊन परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवली. अधिकारी भेटल्यावर सही कशावर होती ते भावाला समजले, आणि त्याने तिथेच मदत मागितली.

पासपोर्टचा मुद्दा तर कुलभूषण जाधव प्रकरणात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोरही आला होता. पाकिस्तानने त्यांना ३ मार्च २०१६ रोजी ताब्यात घेतल्याचे सांगितले आणि भारताला २५ मार्चला कळवले. पुढे भेटीची मागणी तपासातील सहकार्याशी जोडली गेली. त्यांच्याजवळच्या पासपोर्टवर वेगळे नाव असल्याने नागरिकत्व सिद्ध होत नाही आणि हेरगिरीच्या आरोपाला हे कलम लागू नाही, असे पाकिस्तानचे म्हणणे होते. १७ जुलै २०१९ च्या निकालात न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले आणि १५ विरुद्ध १ मतांनी कलमाचा भंग झाल्याचे ठरवले. मात्र सुटकेची भारताची मागणी मान्य झाली नाही. भारतीय अधिकाऱ्यांना त्यांना भेटू द्यावे आणि त्यांच्या फाशीच्या शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा, असा आदेश झाला.

तुम्हीही मर्यादा लक्षात घ्या. दूतावास कोणाला सोडवू शकत नाही किंवा खटला लढवत नाही. तो वकिलांची यादी देतो आणि गरजू प्रकरणात भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत होऊ शकते. कैद्याची संमती नसेल, तर त्याची माहिती नातेवाइकांना दिली जात नाही, हेही मौनाचे कारण असू शकते. म्हणून भेटीला जाणाऱ्या अधिकाऱ्याने त्याची लेखी संमती घ्यावी, अशी विनंती अर्जातच करा, आणि कोणी वडीलधारे पासपोर्टचे कारण देऊन अडवत असतील, तर थांबू नका.