आगलावी जहाजं आणि कापलेला दोर

प्रश्न : 'कट अँड रन'चं भाषांतर मी 'दोर कापून पळाले' असं केलं. संपादक विचारतात, कुठला दोर? आणि मूळ उताऱ्यात पेटवून सोडलेली जहाजं आहेत, त्यांना 'आगबोटी' म्हणू का?

'आगबोट' नको. तो शब्द वाफेच्या जहाजानं केव्हाच बळकावलाय. वाचकाला धुराडं दिसेल. मी तरी 'आगलावं जहाज' म्हणेन. शब्दात थोडी खोडी आहे, पण काम तेच आहे.

दोर नांगराचा. ७ ऑगस्ट १५८८च्या रात्री स्पॅनिश आरमार फ्रान्सच्या कॅलेसमोर दाटीवाटीनं नांगर टाकून उभं होतं. प्रवाह जोराचा, म्हणून कित्येक जहाजांनी दोन-दोन नांगर टाकलेले. वारा आणि भरती दोन्ही इंग्रजांच्या बाजूनं. मध्यरात्रीच्या सुमारास त्यांनी आठ जहाजं सोडली. आत डांबर आणि जळाऊ माल, तोफाही भरून ठेवलेल्या, म्हणजे तापल्या की आपोआप उडाव्यात. मोजके खलाशी सुकाणू बांधून, आग लावून मागच्या होडीत उतरले. त्यानंतर जहाज वाऱ्याच्या आणि पाण्याच्या हवाली. वारा फिरला तर सगळं फुकट.

स्पॅनिश सेनापती मेदिना सिदोनिया बेसावध नव्हता. त्यानं पुढे लहान नौकांची फळी ठेवली होती. आकडा टाकायचा, पेटतं जहाज ओढत किनाऱ्याकडे न्यायचं. दोन जहाजं अशी बाजूला काढलीही. पण तोफा उडू लागल्यावर जवळ कोण जाणार? शिवाय १५८५मध्ये अँटवर्पला सुरुंगासारखी फुटलेली दारूची जहाजं स्पॅनिशांच्या लक्षात होती, आणि ती रचणारा जांबेल्ली तेव्हा इंग्लंडमध्ये होता. या आठांत तसली दारू नव्हती, पण अंधारात ते कसं कळावं?

फळीतून जहाज सुटलंच, तर काय करायचं हेही ठरलेलं होतं. नांगर वर ओढायला वेळ पुरत नाही, म्हणून दोराच्या टोकाला तरंगता बोया बांधून दोर सोडून द्यायचा, बाजूला व्हायचं, आणि धोका टळला की बोया शोधून पुन्हा तिथेच यायचं. हे दोर सोडणं. पण घाबरलेल्या कप्तानांनी कुऱ्हाडीनं दोर तोडले आणि वाट फुटेल तिकडे गेले. आगीनं एकही स्पॅनिश जहाज जळलं नाही, पण उजाडताना आरमार पांगलेलं होतं. 'सान लोरेंझो'चं सुकाणू गोंधळात मोडलं आणि ते कॅलेच्या किनाऱ्याला रुतलं. नांगर तळाशीच राहिले, आणि पुढे परतीच्या वाटेवर आयर्लंडच्या वादळी किनाऱ्यावर ते हवे होते.

आता तुमचं वाक्य. मराठीत 'दोर कापले' म्हटलं की सिंहगडावरचा सूर्याजी आठवतो, आणि त्यानं दोर कापले ते कुणी पळू नये म्हणून! वाचक नेमका उलटा अर्थ घेईल. 'नांगर तोडून पळाले' लिहा, संपादकांचा प्रश्नही मिटेल.