सतरा जणी आणि खिंडसीचा मुक्काम

"ताई, आमची दहावीची २००१ ची तुकडी पंचवीस वर्षांनी भेटणार आहे. ५८ पैकी ३७ जण सापडले. डिसेंबरात खिंडसीला एक रात्र मुक्काम, माणशी साडेतीन हजार, असे निमंत्रण मी पाठवले, तेव्हापासून व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज भांडण आहे. धावपळही माझी आणि बोलणीही मलाच. उरलेल्या २१ पैकी १७ मुली आहेत. आडनावे बदलल्यामुळे तो नाद सोडला. संयोजकपद सोडू का?
— एक त्रस्त संयोजक, नागपूर"

तुमच्या भांडणात मला फारसा रस नाही. सतरा जणींना तुम्ही एका वाक्यात निकालात काढले, त्याचा मात्र राग आला.

लग्नानंतर बाईचे आडनाव बदलले, तरी तिच्या भावाचे बदलत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलीचे नाव वडिलांच्या नावासह असते. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज करून तुमच्या तुकडीची नावे तेवढी पडताळून घ्या. रजिस्टरची प्रत मागू नका, ती कोणी देऊही नये. मग तेच आडनाव आणि तेच वडिलांचे नाव असलेला मुलगा मागच्यापुढच्या चार-पाच तुकड्यांत शोधा, कारण भावंडे बहुधा एकाच शाळेत असत. समजा, एकीच्या वडिलांचे इतवारीत किराणा दुकान होते, एवढेच कोणाला आठवते. त्या गल्ल्यावर आज भाऊ बसत असेल, आणि दुकान हलले असेल तर शेजारचा दुकानदार नवा पत्ता सांगेल. मात्र तिथे तुम्ही जाऊन "ताईंचा नंबर द्या" म्हणालात, की काम फसलेच. सापडलेल्यांपैकी एखाद्या मैत्रिणीने जावे, वर्गाचा जुना फोटो दाखवावा आणि तिचा नंबर न मागता स्वतःचा लिहून द्यावा. आठवडाभराने एकदा आठवण करावी. तरीही फोन आला नाही, तर तेच तिचे उत्तर समजावे. फोन आला, तरी तिला न विचारता ग्रुपमध्ये घालू नये.

आता तुमचे निमंत्रण. सापडलेल्या ३७ मध्ये मुली किती आणि त्यांपैकी किती जणींनी खिंडसीला होकार दिला, हे तुम्ही लिहिलेच नाही. मला वाटते, पुष्कळशा गप्प आहेत. पंचवीस वर्षांनी ज्या बाईला शाळेचा पहिला निरोप येतो, तिने घरी रात्रीचा मुक्काम आणि साडेतीन हजार एका दमात कसे सांगावे? तेव्हा मुक्काम रद्द करा आणि नागपुरातच, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, जानेवारीतल्या एखाद्या रविवारी भेटा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असते. बाहेरगावच्यांना खोल्या मिळत नाहीत आणि सीताबर्डीच्या बाजूचे रस्ते मोर्चांनी अडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पद सोडू नका, पण सतरा जणींची यादी आणि नव्या निमंत्रणाचा मसुदा आजच वर्गातल्या दोघी मैत्रिणींकडे सोपवा. खिंडसीला आगाऊ रक्कम भरली असेल, तर ज्यांना मुक्कामाची हौस आहे, त्यांनी आपापल्या खर्चाने दुसऱ्या दिवशी जावे.