जुन्या मैत्रिणीला वाढदिवसाचा मेसेज पाठवावा का, आणि काय लिहावं?

प्रश्न: आमचं ब्रेकअप होऊन दीड वर्ष झालं. भांडण नव्हतं, तिच्या घरचे तयार नव्हते. आता तिच्यासाठी स्थळं बघतायत असं मित्राकडून कळलं. पुढच्या आठवड्यात तिचा वाढदिवस आहे, ती कोल्हापुरात घरीच असेल. तिनं ब्लॉक केलेलं नाही. विश करावं का? मी हे लिहून ठेवलंय: "हॅपी बर्थडे पिल्लू... सॉरी, सवय गेली नाही. कशी आहेस? रंकाळ्यावर गेलो की अजून आठवण येते. जे झालं त्याबद्दल मनापासून सॉरी. रिप्लाय नाही दिलास तरी चालेल. नेहमी खूश राहा."

उत्तर:

हा मेसेज पाठवू नका. एका ओळीचा पाठवायला हरकत नाही, पण त्याआधी थोडं बोलू.

माझं राजारामपुरीत केकचं दुकान आहे. केकवर काय लिहायचं हे विचारणं माझं रोजचं काम, आणि "नाव नको, नुसतं हॅपी बर्थडे लिहा, पाठवणाऱ्याचं सांगू नका" म्हणणारी पोरं-पोरी मधूनमधून येतात. शिवाय मला स्वतःला माझ्या कॉलेजातल्या जुन्या मित्राचा दरवर्षी मेसेज येतो. आमचंही लग्नापर्यंत गेलेलं आणि तिथंच थांबलेलं प्रकरण. माझ्या नवऱ्याला ते माहीत आहे आणि तो मेसेज त्याच्यासमोर आला तरी आमच्या घरात चहा गार होत नाही. त्यात असतं काय, तर "वाढदिवसाच्या शुभेच्छा" आणि माझं नाव. बास. म्हणजे मेसेज पाठवण्यात वाईट काही नाही. मात्र तो आणि तुमचा मसुदा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी पाठवायचा की नाही ते ठरवा. तिनं कधीही स्पष्ट सांगितलं असेल की आता मेसेज करू नको, तर वाढदिवस ही त्यातली सुट्टी नव्हे. ब्लॉक केलं नाही म्हणजे परवानगी आहे, असंही नसतं. कित्येक जणी निव्वळ वाद नको म्हणून ब्लॉक करत नाहीत. आणि नकार दिल्यानंतरही बाईला वारंवार गाठत राहिलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 78 लागू शकतं. तुमचं तसं काही दिसत नाही, पण हे वाचणारे तुम्ही एकटे नाही म्हणून लिहिलं.

तसं काही नसेल तर स्वतःला एकच विचारा. मेसेज दुपारी गेला, थोड्या वेळानं दोन निळ्या टिका दिसल्या, आणि रात्रीपर्यंत तिकडून काहीच आलं नाही. त्या रात्री तुम्ही काय करणार? जेवून झोपणार असाल तर पाठवा. दर पाच मिनिटांनी ती ऑनलाइन आहे का बघणार असाल, मित्राला फोन करून "तिनं वाचलंय रे" सांगणार असाल, तर ती शुभेच्छा नाही, तो प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तिच्या वाढदिवशीच तिच्याकडून मागणं बरोबर नाही. तुमचं भांडून तुटलं नाही, घरच्यांमुळं तुटलं, म्हणून आशा शिल्लक राहते हे मला कळतं. स्थळांची बातमी कळल्यावरच हा मेसेज सुचला असेल, तर मात्र या वर्षी राहू दे असंच मी सांगेन.

आता मसुदा ओळीनं घेऊ.

"पिल्लू... सॉरी, सवय गेली नाही." बोलताना जीभ घसरते, मान्य. लिहिताना नाही घसरत. लिहिलेलं खोडता येतं. ते न खोडता वर सॉरी म्हटलं की तिला लगेच कळतं, हे मुद्दाम ठेवलंय. आणि नेमकी हीच ओळ मेसेजच्या सुरुवातीला आहे. फोन लॉक असला तरी वरच्या पट्टीत पहिले काही शब्द दिसतात. स्थळं बघणाऱ्या घरात पोरीचा फोन चार्जिंगला बैठकीच्या खोलीत असतो. तुमचं नाव आणि खाली "पिल्लू", हे तिच्या आधी तिच्या आईनं वाचलं तर तिचा पुढचा आठवडा कसा जाईल, विचार करा. म्हणून पहिला शब्द "वाढदिवसाच्या" असावा आणि हाक मारायची ती कॉलेजच्या हजेरीत होती त्या नावानं.

"कशी आहेस?" दिसायला साधं, पण प्रश्नचिन्ह आलं की उत्तर देणं भाग पडतं. तिनं उत्तर दिलं तर संभाषण सुरू होतं, नाही दिलं तर ती उद्धट ठरते. वाढदिवसाच्या दिवशी तिला या दोहोंत कशाला अडकवायचं? काढून टाका.

"रंकाळ्यावर गेलो की आठवण येते." येत असेल. अहो, अख्खं कोल्हापूर संध्याकाळी रंकाळ्यावरच असतं, कुणाकुणाला कुणाकुणाची आठवण येत असेल! पण ही तुमची गोष्ट झाली. वाढदिवस तिचा आहे. शिवाय ती याच गावात राहणार असेल तर पुढच्या वेळी रंकाळ्यावर भेळ खाताना तिला ही ओळ आठवणार, आणि शेजारी कोण बसलेलं असेल ते तुम्हाला माहीत नाही. काढा.

"जे झालं त्याबद्दल सॉरी." ही ओळ खरी असेल तर तिला स्वतंत्र दिवस द्या. नेमकं कशाबद्दल, ते लिहा, आणि वाढदिवसापासून लांब कधीतरी पाठवा. शुभेच्छांच्या पोटात माफी कोंबली की तिला "थँक्यू" म्हणताना "माफ केलं" हेही म्हणावं लागतं. तिच्या घरचे तयार नव्हते यात तुमची चूक काय, हे मला तरी तुमच्या प्रश्नावरून कळलं नाही. तिलाही कळायचं नाही.

"रिप्लाय नाही दिलास तरी चालेल." ही ओळ सगळ्यात फसवी. तुम्ही मोठ्या मनानं लिहिली असेल. पण ज्याला खरंच चालणार असतं तो रिप्लायचा विषयच काढत नाही. हे वाचून ती रिप्लायचाच विचार करत बसेल.

"नेहमी खूश राहा" हे लिहायला गोड आहे, पण निरोप घेतल्यासारखं वाटतं. "हे वर्ष छान जावो" लिहा. वर्षापुरतंच बोलावं, वाढदिवस दर वर्षी येतोच.

एवढं सगळं काढल्यावर राहतं ते असं:

"वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा, (तिचं नाव). हे वर्ष छान जावो."

कोरडं वाटतंय ना? ठीक आहे. मला येणारा मेसेज याहून कोरडा असतो आणि तो मला आवडतो, कारण त्याचं मला काही करावं लागत नाही. जरा ओलावा हवाच असेल तर एक गोष्ट घालता येते, पण ती सगळ्यांना माहीत असलेली हवी. तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर तिनं स्वतः सांगितलं असेल की नवीन नोकरी लागली, तर "नवीन नोकरीसाठीही शुभेच्छा" चालेल. तीच गोष्ट मित्राकडून किंवा तिचं प्रोफाइल चाळून कळली असेल तर लिहू नका, पाळत ठेवल्यासारखी वाटते. स्थळांचा उल्लेख तर चुकूनही नको, थट्टेतसुद्धा नको.

कॉलेजचा ग्रुप असेल तर त्याहून सोपी वाट तिथंच आहे. सगळे तिला शुभेच्छा देतील, त्यात पाच-सहा जणांनंतर तुमचीही एक ओळ. ग्रुपवर तुमचं प्रकरण सगळ्यांना माहीत असणार, त्यामुळे तुम्ही एकटेच गप्प राहिलात तरी चर्चा होते आणि पहिलेच आलात तरी होते. मधे घुसा. ती एकदाच सगळ्यांना "थँक्यू ऑल" म्हणेल, त्यात तुम्ही आलात. ग्रुपवर दिल्यावर पुन्हा वेगळा मेसेज मात्र नको.

वेळेचं सांगते, हे दुकानातून बघितलेलं आहे. रात्री बाराची वेळ घरच्यांची आणि ज्याच्याशी आज नातं आहे त्याची. संध्याकाळी सात-साडेसातनंतर लोक केक घेऊन जातात, आणि केक कापताना वाढदिवसवालीचा फोन तिच्या हातात नसतो, फोटो काढायला भावाकडे किंवा मावशीकडे असतो. फोटो काढता काढता वरून मेसेजची पट्टी उतरते. म्हणून सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात पाठवा. पाठवला की झालं. घाबरून "डिलीट फॉर एव्हरीवन" करू नका. मेसेज जातो, पण मेसेज डिलीट केल्याची खूण तिथंच राहते, आणि ती बघून माणूस भलतेच तर्क लावतो. एकच टिक राहिली तर फोन बंद असेल, किंवा तुम्हाला आता ब्लॉक केलं असेल. दुसऱ्या नंबरावरून खात्री करायला जाऊ नका.

केक, फुलं, स्टेटसला जुना फोटो, हे काहीच नको. आमच्याकडून एकदा असाच निनावी केक गेला. दारात पोरीचे वडील. "कुणी पाठवला?" आमचा डिलिव्हरीचा पोरगा म्हणाला, माहीत नाही. मग वडिलांचा दुकानात फोन, मग पोरीचा रडत फोन, आणि केक आमच्याच पोराबरोबर परत. तेव्हापासून पाठवणाऱ्याचं नाव सांगत नाहीत त्यांची ऑर्डर मी घेत नाही. आणि चौकात फ्लेक्स लावायचा विचार करणाराही एक भेटलाय मला. आपल्या कोल्हापुरात नेत्यांच्या वाढदिवसांनी चौक भरलेले असतात, त्यात त्याला वाटलं खपून जाईल.

आता उत्तर आलं तर काय? नुसतं "थँक्यू" आणि हात जोडलेले, तर विषय संपला. त्यावर "वेलकम" नको, बदाम नको, "आणि काय चाललंय" तर नकोच. पुढच्या वर्षी पाठवायचा की नाही ते पुढच्या वर्षी. तिनं "थँक्यू, तू कसा आहेस?" असं विचारलं तर तिनं विचारलंय तेवढ्याचं उत्तर द्या: "मजेत, काम चालू आहे." पुढचा प्रश्न तिला विचारू दे. तिनं विचारला तर बोला की, कोण अडवतंय!