ती ऐकत असते, तिला वाक्य उलगडत नाही

प्रश्न: "माझा मुलगा ९ वर्षांचा, चौथीत आहे. बाई म्हणतात लक्ष देत नाही, मेहनत घेत नाही. सांगितलेलं अर्धंच करतो. कानांची तपासणी नॉर्मल आहे. शिस्त लावायची की डॉक्टरांना दाखवायचं?"

शिस्तीचा विषय तूर्त बाजूला ठेवा. माझी मुलगी याच वयाची असताना हेच शेरे प्रगतिपुस्तकात होते, आणि घरात माझे थोरले बंधू, स्वतः शिक्षक, तेच म्हणत होते. "लाडावून ठेवलीयस. ऐकून न ऐकल्यासारखं करते."

दिवाळीत सगळे जमलो होतो. दादाने मला दाखवायचं म्हणून तिला सांगितलं, "ताटं घ्यायच्या आधी चटई अंथर." ती सरळ ताटं घेऊन आली. "बघ!" मी म्हटलं, आता असं सांग: "ताटं घेतल्यावर पाणी वाढ." ते तिने बिनचूक केलं. मग परत पहिल्यासारखं: "पाणी वाढायच्या आधी पानं पुस." तिने पाणी वाढलं. तीच माणसं, तोच गोंगाट, वाक्याची लांबीही तीच. लक्ष नसतं तर चूक कुठेही झाली असती. तिची चूक मात्र कानावर आलेला क्रम आणि करायचा क्रम उलटे असले की व्हायची. "आधी" या शब्दाने क्रम फिरतो, हे तिला नऊ वर्षांची असूनही पकडता येत नव्हतं. ऐकलं त्या क्रमाने ती काम करून मोकळी व्हायची. दादा म्हणाला, योगायोग.

स्पीच थेरपिस्टकडे गेलो तेव्हा तिथे मुलीला वाक्यं ऐकवून जशीच्या तशी म्हणायला सांगितली. "ज्या मुलाने काल माझा डबा घेतला, त्याला बाईंनी बोलावलं." मुलगी म्हणाली, "मुलाने डबा घेतला, बाईंनी बोलावलं." ज्या, त्याला, काल, माझा, सगळं गळालं. नुसती पाठ करायची गोष्ट नाही ही. भाषेचा सांगाडा हाताशी नसेल तर एवढं लांब वाक्य डोक्यात टिकत नाही. शिवाय गोष्ट सांगायला लावली, बोलण्यातली वाक्यं तपासली, आम्हाला लहानपणापासूनचं विचारलं. मराठीत प्रमाणित चाचण्या कमी आहेत, त्यामुळे एका गुणसंख्येवर निकाल मागू नका. निदान झालं डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, डीएलडी, म्हणजे भाषा समजण्यात आणि वापरण्यात वाढीच्या वयापासून असलेली अडचण. हे नाव तज्ज्ञांच्या सहमतीने २०१७ च्या सुमारास रूढ झालं, म्हणून बऱ्याच शिक्षकांनी ऐकलेलं नसतं. इंग्लंडमधल्या पाहणीत प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास आढळलं, म्हणजे तीसच्या वर्गात दोघंतरी.

वर्गात ही मुलं सापडत नाहीत, कारण शेजारच्याची वही बघून पुढे जातात आणि "समजलं का?" विचारलं की "हो" म्हणतात. तो प्रश्नच विचारू नका. "आता काय करणार आहेस, सांग" म्हणा. सूचना करायच्या क्रमानेच द्या, एका वेळी एक, आणि जमेल तिथे करून दाखवा. बाईंनाही एवढंच लिहून द्या. आमच्या बाईंनी ऐकलं आणि गणिताच्या शाब्दिक उदाहरणांत फरक पडला, कारण आकडेमोड तिला आधीपासून येत होती, अडत होतं वाक्यात.

आता जे मला खरं सांगायचंय. दादाचा दुसरा सल्ला होता, "घरी मराठी बंद करा, इंग्रजीच बोला, गोंधळ कमी होईल." शाळेतूनही तेच आलं. साफ चूक आहे हे. दोन भाषांमुळे डीएलडी होत नाही. असेल तर मुलाच्या प्रत्येक भाषेत दिसतो, आणि फक्त शाळेच्या इंग्रजीत अडत असेल, घरच्या मराठीत नाही, तर प्रश्न वेगळा आहे. घरची भाषा काढली तर मुलाशी नीट, भरभरून बोलणारी आजी तेवढी गप्प होते. आम्ही मराठी सोडली नाही. दादाशी या विषयावर आजही पटत नाही, आणि पटावं अशी माझी इच्छाही नाही.

थेरपीने हे पुसलं जात नाही. बोलणं लवकर सुधारतं, आकलन हळू. मुलगी आता मोठी झालीय आणि लांब वाक्यं अजून तिला दमवतात.

दाखवायला भाषेचं काम करणारा, आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेला स्पीच थेरपिस्ट शोधा. मुंबईत असाल तर वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे.

हे राहिलंच: एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यातली अडचण, हीही सोबत असू शकते, म्हणून चटईच्या प्रयोगावरून स्वतः निदान करू नका. आणि आधी चांगलं समजणारं मूल अचानक कमी समजायला लागलं असेल किंवा मध्येच हरवल्यासारखं टक लावत असेल, तर थेरपिस्टची वाट न बघता मुलांच्या न्यूरोलॉजिस्टकडे जा.