अंडर-ॲब्सॉर्ब्ड ओव्हरहेड: कॉस्ट ऑफ सेल्स की क्लोजिंग स्टॉक?

प्रश्न: शिरोलीत आमची फाउंड्री आहे. टनाला ५,००० रुपये फिक्स्ड ओव्हरहेड धरला होता, ६,००० टनांच्या हिशोबाने. ऑर्डरी घटल्या, ४,८०० टनच माल निघाला. प्रत्यक्ष खर्च ३.१२ कोटी, म्हणजे ७२ लाख अंडर-ॲब्सॉर्ब्ड. स्टॉक ४०० टन आहे. हे ७२ लाख कॉस्ट ऑफ सेल्सला टाकायचे की स्टॉकवर पसरायचे? मालक म्हणतात स्टॉकवर घ्या.

उत्तर:

जवळजवळ सगळी रक्कम याच वर्षाच्या नफ्या-तोट्यात जाईल. स्टॉकवर जाईल फक्त ८०,००० रुपये. हा आकडा कुठून आला ते सांगतो, कारण मालकांना पटवून द्यायला तोच लागेल.

आधी एक गोष्ट. शेड्यूल ३ च्या नफा-तोटा पत्रकात कॉस्ट ऑफ सेल्स अशी ओळच नसते. पगार, घसारा, इतर खर्च असे खर्च त्यांच्या प्रकाराने दाखवतात आणि स्टॉकमधला फरक वेगळा येतो. म्हणजे तुमचे ३.१२ कोटी पगार, घसारा, महावितरणचा डिमांड चार्ज, शेडचं भाडं अशा नावांनी आधीच खर्चात पडलेले आहेत. ७२ लाख 'टाकायचे' कुठेच नाहीत. ३१ मार्चच्या ४०० टनांवर टनाला किती फिक्स्ड ओव्हरहेड धरायचा, एवढंच ठरवायचं आहे. तो दर ठरला की उरलेलं आपोआप या वर्षाच्या माथी येतं. कॉस्टिंगची खाती आर्थिक खात्यांत जोडलेली असतील, आणि अंडर-ॲब्सॉर्प्शनचं वेगळं खातं उघडं राहिलं असेल, तरच ते बंद करायची नोंद लागेल.

दर काढायला तीन आकडे समोर ठेवा. कॉस्टिंगमध्ये धरलेला ५,०००. प्रत्यक्ष खर्च भागिले सामान्य क्षमता, म्हणजे ३.१२ कोटी भागिले ६,०००, म्हणजे ५,२००. आणि प्रत्यक्ष खर्च भागिले प्रत्यक्ष उत्पादन, म्हणजे ६,५००. मालक म्हणतात तो दर तिसरा. एएस २ (आणि इंड एएस २ सुद्धा) दुसरा, म्हणजे ५,२०० चा दर मागते: फिक्स्ड उत्पादन ओव्हरहेड सामान्य क्षमतेवर वाटायचा, उत्पादन कमी झालं किंवा प्लांट बसून राहिला म्हणून नगामागचा वाटा वाढवायचा नाही, आणि न वाटला गेलेला भाग त्याच वर्षी खर्च मानायचा. इन्कम टॅक्ससाठीचं आयसीडीएस २ सुद्धा सामान्य क्षमतेवरच जातं, त्यामुळे तिथे वेगळी पळवाट नाही.

आता तुमचे ७२ लाख फोडू. १,२०० टन कमी निघाले, गुणिले ५,२००, म्हणजे ६२.४ लाख. ही भट्टी रिकामी राहिल्याची किंमत. जी भट्टी तीन पाळ्यांत चालायची ती दोन पाळ्यांत चालली, पण डिमांड चार्ज, सुपरवायझरचा पगार आणि घसारा तिसऱ्या पाळीसाठीही लागला. तो पैसा कुठल्याही कास्टिंगमध्ये गेलेला नाही, तेव्हा तो कास्टिंगच्या किमतीत घ्यायचाही नाही. उरले ९.६ लाख. हे ४,८०० टनांवर टनामागे २०० रुपये. म्हणजे सुरुवातीला धरलेला दरच तेवढा कमी होता, खर्च अंदाजापेक्षा जास्त आला. ही दुरुस्ती मात्र मालाची खरी किंमत आहे, म्हणून ती निघालेल्या सगळ्या मालावर पसरते. वर्षाच्या सुरुवातीचा स्टॉक नगण्य होता असं धरलं, तर विकलेल्या ४,४०० टनांवर ८.८ लाख आणि स्टॉकमधल्या ४०० टनांवर ८०,०००.

थोडक्यात, स्टॉकमध्ये फिक्स्ड ओव्हरहेड २०.८ लाख. मालकांच्या पद्धतीने तो २६ लाख झाला असता. फरक ५.२ लाख, तेवढा नफा यंदा फुगतो आणि पुढच्या वर्षी तोच माल विकला की तेवढाच गळून पडतो. बँकेच्या कॅश क्रेडिटसाठी स्टॉक मोठा दाखवायचा मोह असतो, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. पण उत्पादन घसरलेल्या वर्षी स्टॉकचा दर वाढलेला दिसला की ऑडिटर पहिला प्रश्न तिथेच विचारतो. त्यातून कास्टिंगचा भाव पडलेला असेल, तर विक्रीतून मिळू शकणारी निव्वळ किंमत मालाच्या खर्चाच्या खाली जाऊ शकते, आणि मग फुगवलेली किंमत तशीही कापावी लागते.

दोन ठिकाणी हे गणित घसरतं.

एक, त्या ३.१२ कोटींत काय काय आहे ते बघा. पाणी शिरून पॅनेल जळालं, भट्टीचं अस्तर अवेळी फुटून मोठी दुरुस्ती निघाली, असला असामान्य खर्च दर काढण्याआधीच बाजूला काढून थेट खर्चात टाका, नाहीतर ५,२०० हा दरच खोटा ठरतो. तसंच हा हिशोब फिक्स्ड भागापुरताच आहे. वितळवायला लागलेली युनिटं हा बदलता खर्च, तो प्रत्यक्ष वापरावर जातो. त्यात तफावत आली तर सामान्य क्षमतेचा मुद्दा येत नाही, दर दुरुस्त करून मालावरच घ्या. विजेचं बिल एकाच आकड्यात उचललं की हे दोन भाग मिसळतात. बिल उघडून डिमांड चार्ज आणि युनिटचा आकार वेगळे करायला दहा मिनिटं लागतात, तरी बहुतेक जण करत नाहीत. स्टॉकमध्ये फेटलिंग व्हायची कास्टिंग असतील, तर फेटलिंग विभागाचा वाटा त्यांच्यावर अजून चढवायचा नाही.

दोन, आणि खरा वाद इथेच असतो: ६,००० आले कुठून? प्लेटवरची भट्टीची क्षमता म्हणजे सामान्य क्षमता नव्हे. गेल्या काही वर्षांचं, सामान्य परिस्थितीतलं सरासरी उत्पादन, नेहमीची देखभाल वजा करून, अशी ती काढायची. पावसाळ्यातली किंवा दिवाळीतली नेहमीची मंदी त्यात धरा, कारण ती दरवर्षी येते. पण २०१९ चा पूर किंवा २०२० चं लॉकडाऊन सरासरीत घेतलंत, तर क्षमता खाली येते, दर वर जातो आणि मालकांचं म्हणणं मागच्या दाराने आत येतं. हीट रजिस्टरवरून वर्षनिहाय चांगल्या मालाचे टन काढा (रिजेक्शन वगळून) आणि तो कागद फाइलला लावा. सीए तोच मागेल.

उलटही होतं. एखाद्या वर्षी ६,६०० टन निघाले, तर ५,२०० धरून बसू नका. तेव्हा दर खाली आणावा लागतो, नाहीतर झालेल्या खर्चापेक्षा जास्त रक्कम मालावर चढते.

मालकांना आणखी एक सांगा. ऑर्डरी परत आल्याच नाहीत आणि पुढची दोन-तीन वर्षंही ४,८०० च्या आसपास गेली, तर सामान्य क्षमताच खाली घ्यावी लागेल आणि दर वर जाईल. ते तेव्हा रास्त असेल. एका वाईट वर्षाच्या ३१ मार्चला नाही.