९२ टक्के जुळलं, तरी कप्पा ०.२९ का?

दोन डॉक्टरांची उत्तरं ९२ टक्के जुळली, तरी कप्पा, म्हणजे योगायोग वगळून एकमत मोजणारा आकडा, इतका कमी का, असं तुम्ही विचारलंत. तुमचा तक्ता पाहिला. गणित चुकलेलं नाही, घाबरू नका. १०० एक्स-रे, दोन डॉक्टर. ९० फिल्म्सवर दोघेही ‘डाग नाही’ म्हणाले, २ वर दोघेही ‘आहे’ म्हणाले. उरलेल्या ८ पैकी ४ मध्ये फक्त पहिल्याला डाग दिसला, ४ मध्ये फक्त दुसऱ्याला. म्हणजे प्रत्येकाने ६ वेळा ‘आहे’ आणि ९४ वेळा ‘नाही’ म्हटलं.

आता समजा, फिल्म न बघताच दोघांनी याच प्रमाणात उत्तरं ठोकून दिली. तरी ०.९४ × ०.९४ अधिक ०.०६ × ०.०६, म्हणजे सुमारे ८८.७ टक्के उत्तरं नुसत्या योगायोगाने जुळली असती. कप्पा त्यापुढची कमाई मोजतो: १०० पर्यंत ११.३ गुणांची जागा होती, त्यातले ३.३ मिळाले. म्हणून ०.२९.

आजार विरळ असला की असं होतंच. त्यामुळे कप्पा एकटा छापू नका. पूर्ण तक्ता द्या, कप्पाचा विश्वास-अंतराल द्या, आणि ‘आहे’वरचं एकमत वेगळं दाखवा: २ × २ भागिले (६ + ६), फक्त ३३ टक्के. खरं दुखणं इथे आहे. ‘नाही’वर एकमत ९६ टक्के आहे.

डागाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजली असेल, तर मात्र कप्पा नको आणि सहसंबंध गुणांकही नको. एक जण दरवेळी ५ मिमी जास्त मोजत असला तरी सहसंबंध १ येऊ शकतो! तिथे दोघांच्या सरासरीसमोर फरकाचा आलेख काढा.